गटार कोणाचे, रस्ता कोणाचा: बडोद्यातील सोसायटीच्या नव्या कमिटीसाठी वॉर्ड ऑफिसची वाट

सोसायटीच्या वार्षिक सभेत हात वर करायला कोणी तयार नसते, आणि म्हणून नुकत्याच राहायला आलेल्या कुटुंबातील एखाद्याच्या गळ्यात सेक्रेटरीपद पडते. बडोद्यात ही गोष्ट इतक्या ठिकाणी पाहिली आहे की हा लेख त्याच माणसासाठी लिहिलेला आहे, असे समजावे. पुण्यामुंबईहून आलेल्यांना अपार्टमेंटची सवय असते; इथे मात्र त्यांची गाठ पडते ती टेनामेंटच्या सोसायटीशी, जिथे प्रत्येकाचे घर सुटे आणि दस्त वेगळा असतो, पण आतला रस्ता, आतली ड्रेनेज लाइन आणि कॉमन प्लॉट सगळ्यांच्या मालकीचा असतो. वॉर्ड ऑफिसशी होणारी बहुतेक भांडणे याच सामाईक भागावरून होतात, म्हणून मी पाणी, कुत्री, दिवे आणि कचरा हे सगळे विषय बाजूला ठेवून ड्रेनेज आणि आतला रस्ता एवढ्याच दोन कामांवर लिहीत आहे.

पहिले काम: हद्द कागदावर पाहणे

अर्ज लिहिण्यापूर्वी सोसायटीचा मंजूर लेआउट प्लॅन आणि रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, शोधून काढावी. जुन्या सेक्रेटरीच्या कपाटात ती नसेल तर मूळ सभासदांपैकी कोणाच्या तरी दस्ताच्या फायलीत तिची झेरॉक्स हमखास सापडते. त्या प्लॅनवर दोन प्रकारचे रस्ते दिसतात. नगररचना योजनेतील रस्ता, ज्याला सगळे ‘टीपी रोड’ म्हणतात, तो कॉर्पोरेशनचा असतो. त्यावरील डांबर, दिवे, वरसाती गटार आणि मुख्य ड्रेनेज लाइन ही कॉर्पोरेशनची जबाबदारी. गेटच्या आतला रस्ता लेआउटमध्ये ‘अंतर्गत’ म्हणून दाखवलेला असेल तर तो सोसायटीचा खासगी रस्ता होय, मग त्यावरून कचऱ्याची गाडी रोज येत असली आणि प्रत्येक घर नियमित वेरा भरत असले तरीही.

हे शेवटचे वाक्य सभेत सांगितले की गलका होतो. ‘आम्ही वेरा भरतो, मग आमचा रस्ता का करत नाही?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण वेरा हा मालमत्तेवरील कर आहे, आतल्या रस्त्याच्या देखभालीचा करार नव्हे. नव्या कमिटीने हा वाद वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर घालण्याऐवजी आधी आपल्याच सभेत मिटवावा, कारण तिथे तो न मिटल्यास पुढे लोकवर्गणी गोळा होत नाही.

वॉर्ड ऑफिसात कोणाला भेटायचे

बडोदे शहरात १९ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डातून चार, असे ७६ नगरसेवक निवडले जातात. त्यामुळे एका घराचे चार लोकप्रतिनिधी असतात, आणि चौघेही ‘मी बोलतो’ म्हणतात तेव्हा नेमके कोण बोलले ते कळत नाही. नगरसेवकाची शिफारस उपयोगाची असते, पण अंदाजपत्रक इंजिनिअर तयार करतो, आणि खर्चाची मंजुरी रकमेनुसार अधिकारी, आयुक्त किंवा बारा सदस्यांची स्थायी समिती देते. एकटा नगरसेवक तोंडी आश्वासनावर काम सुरू करून देऊ शकत नाही. म्हणून अर्ज वॉर्ड ऑफिसरच्या नावे करावा, त्याची प्रत इंजिनिअरिंग विभागाला द्यावी, आणि नगरसेवकाला तिसरी प्रत माहितीसाठी द्यावी. तीनही प्रतींवर विषय एकच असावा. एका अर्जात ड्रेनेज, भटकी कुत्री आणि बंद दिवा असे सगळे कोंबले की तो तीन टेबलांच्या मधोमध पडून राहतो.

अर्ज गुजरातीत लिहावा. मराठी घरात गुजराती लिहिणारा कोणी ना कोणी असतोच. नसेल तर शेजारच्या बेनना विनंती करावी, त्या आनंदाने लिहून देतात. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढच्या प्रत्येक फेरीला ‘मागच्या महिन्यात दिला होता’ हे वाक्य कामाचे नसते, इनवर्ड नंबर कामाचा असतो.

इथेच एक मर्यादा सांगून ठेवतो. रहिवाशांची संघटना किंवा सोसायटीची कमिटी ही कॉर्पोरेशनच्या कायद्याने निर्माण केलेली संस्था नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी ज्या वॉर्ड समित्यांची तरतूद केली, त्या वेगळ्या. सोसायटी म्हणजे वॉर्ड समिती नव्हे आणि तिच्या ठरावाने कॉर्पोरेशन बांधले जात नाही. सोसायटी सहकारी कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिला आपल्या सभासदांकडून वर्गणी मागण्याचा आणि आपल्या मालमत्तेविषयी करार करण्याचा अधिकार असतो. दोन गल्ल्यांच्या स्वयंसेवकांच्या गटाला तेवढाही नसतो. असा गट तक्रार करू शकतो, पाठपुरावा करू शकतो, पण सोसायटीच्या वतीने पैसे भरू शकत नाही किंवा कोणाच्या जागेवर काम करण्याची संमती देऊ शकत नाही. नव्या मंडळींना हे उशिरा समजते, आणि तोवर वर्गणी कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जमा झालेली असते.

चोक कुठे आहे हे आधी आपण शोधायचे

‘ड्रेनेज उभरते आहे’ अशी तक्रार दिली की जेटिंगचे मशीन येते, समोर दिसणाऱ्या चेंबरमध्ये पाइप घालते आणि जाते. चार दिवसांनी पुन्हा तेच. याचे कारण बहुधा मशीन चुकीच्या जागी लागते हे असते. चोक कोणत्या दोन चेंबरांच्या मध्ये आहे हे सांगता आले तर काम पहिल्या फेरीत होते, आणि तो भाग आपला की कॉर्पोरेशनचा हेही त्याच वेळी ठरते.

पद्धत सोपी आहे. सकाळी आठच्या सुमारास, घराघरांत पाणी वापरले जात असताना, गेटजवळच्या शेवटच्या चेंबरपासून सुरुवात करून आत आत जावे. झाकण लोखंडी सळईने, उभे राहून उचलावे. उघडल्यावर काही मिनिटे दूर थांबावे, आत वाकून पाहू नये, काडी ओढू नये. जे चेंबर काठोकाठ भरलेले आहे आणि ज्याच्या पुढचे, म्हणजे उताराकडचे, चेंबर जवळजवळ कोरडे आहे, त्या दोघांच्या मधल्या पाइपात चोक आहे. सगळी आतली चेंबरे भरलेली असून टीपी रोडवरचे मेनहोल मात्र खाली वाहत असेल, तर अडचण गेटपासून मुख्य लाइनपर्यंतच्या जोडणीत आहे. आणि रस्त्यावरचे मेनहोलही तुडुंब असेल तर सोसायटीत कितीही जेटिंग केले तरी उपयोग नाही. मुख्य लाइन किंवा पंपिंग स्टेशनकडे पाहायला हवे. अर्जात ‘१७ नंबर आणि २१ नंबरच्या घरांसमोरील चेंबरांच्या दरम्यान’ असे लिहावे आणि दोन्ही चेंबरांचे, तारखेसह, एकेक छायाचित्र जोडावे. इतकी नेमकी अर्जी आली की टेबलावरचा माणूस मान वर करून पाहतो, हा माझा अनुभव आहे.

यापुढे न जाणे ही सोसायटीची आणि स्वयंसेवकांचीही सीमा आहे. मशीन यायला उशीर झाला की कोणीतरी म्हणतो, ‘पाचशे रुपयांत एक माणूस उतरतो.’ त्या माणसाला चेंबरमध्ये उतरवणे हा २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ही बंदी सरकारी कार्यालयांपुरती नाही. काम देणाऱ्या कोणालाही ती लागू आहे. सेक्रेटरीने सांगितले म्हणून उतरला, असे नंतर नोंदले गेले तर सेक्रेटरी अडकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी चेंबरमधला वायू दिसत नाही आणि माणसाला वर यायला वेळ देत नाही.

पावसाळ्यातले एक चुकीचे समाजकार्य

बडोद्यात वरसाती पाण्याची व्यवस्था आणि मैलापाण्याची व्यवस्था वेगळी आहे. पावसाचे पाणी कॅचपिटमधून वरसाती गटारात, तिथून कांसांत, म्हणजे शहरातल्या नाल्यांत, आणि शेवटी विश्वामित्री नदीत जायचे. घरातले सांडपाणी ड्रेनेजमधून पंपिंग स्टेशन आणि शुद्धीकरण केंद्राकडे. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की उत्साही तरुण ड्रेनेजच्या मेनहोलचे झाकण उघडून पाण्याला वाट करून देतात, पाणी झपाट्याने उतरते आणि टाळ्या मिळतात. पण त्या लाइनचा व्यास पावसाच्या पाण्यासाठी धरलेला नसतो. ती भरते, पंप पुरे पडत नाहीत, आणि उताराकडच्या घरांत तळमजल्यावरील संडासातून पाणी उलटे वर येते. त्याशिवाय पाण्याखाली उघडे झाकण दिसत नाही, ही भीती वेगळीच.

स्वयंसेवकांना करण्यासारखे काम पावसाआधीचे आहे: आपल्या रस्त्यावरील सगळ्या कॅचपिटच्या जाळ्या मोजून, त्यांवरचा पाला आणि प्लॅस्टिक काढणे, आणि ज्यांच्या आत गाळ भरला आहे त्यांची यादी घराच्या नंबरासह मे महिन्यातच वॉर्ड ऑफिसला देणे. जाळी उचलून आतला गाळ काढणे, कांसात उतरणे किंवा विश्वामित्रीच्या काठावर फावडे घेऊन जाणे हे त्यांचे काम नाही. नदीत आणि कांसांत मगरी आहेत, मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि सोसायटीत शिरलेल्या मगरीलासुद्धा वन विभाग आणि त्याच्यासोबत काम करणारे प्रशिक्षित लोकच हलवू शकतात. बघ्यांना लांब ठेवणे एवढेच आपल्या हाती असते, आणि खरे सांगायचे तर तेच सर्वांत अवघड असते.

आतला रस्ता: सत्तर, वीस, दहा

आतला रस्ता खासगी असला तरी तो कॉर्पोरेशनकडून करून घेण्याची एक रीतसर वाट गुजरातमध्ये आहे. राज्याच्या स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहरी विकास योजनेत खासगी सोसायट्यांसाठी जनभागीदारीचा भाग आहे. खर्चाचा ७० टक्के हिस्सा राज्य सरकार, २० टक्के सोसायटी आणि १० टक्के कॉर्पोरेशन देते. पेवर ब्लॉक किंवा काँक्रीटचा रस्ता, पाण्याची लाइन, ड्रेनेज, दिवे अशी कामे यात बसतात. सोसायटीच्या वाट्याची रक्कम काही वेळा आमदार निधीतूनही येते, पण त्या आशेवर बसून राहण्यात दोन वर्षे घालवलेल्या सोसायट्या मला माहीत आहेत.

आमचे उदाहरण आकड्यांसह देतो, कारण त्या वेळी सेक्रेटरी मी होतो आणि चूकही आमचीच होती. आमच्याकडे ४२ घरे. आतला रस्ता सुमारे २०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे १,२०० चौरस मीटर. इंजिनिअरने मोजणी करून केलेले अंदाजपत्रक १२ लाख ६० हजारांचे होते. त्यातले राज्याचे ८ लाख ८२ हजार, कॉर्पोरेशनचे १ लाख २६ हजार आणि आमचे २ लाख ५२ हजार, म्हणजे घरटी बरोबर ६,००० रुपये. क्रम असा होता: सर्वसाधारण सभेचा ठराव, सभासदांच्या सह्यांची यादी, लेआउटची प्रत आणि अर्ज, मग स्थळपाहणी आणि अंदाजपत्रक, मग आमचा हिस्सा भरणे, मग निविदा आणि काम. ठेकेदार कॉर्पोरेशनचा असतो, आपला नव्हे, म्हणून ‘आमच्या ओळखीच्याला द्या’ हा आग्रह करू नये. ज्या घरांचा वेरा थकलेला आहे त्यांनी तो आधी भरावा, कारण फाइल हलताना तो प्रश्न निघतोच.

वर्गणीला दोन महिने लागले. पाच घरे बंद होती, मालक अहमदाबादला आणि अमेरिकेला. दोघांनी ‘माझे घर कोपऱ्यावर आहे, मला काय उपयोग’ असे सांगितले. अशा वेळी कमिटीच्या अधिकाराची सीमा दिसते: रस्ता अर्ध्या घरांसाठी करता येत नाही आणि न देणाऱ्याचे पाणी तोडता येत नाही. आम्ही राखीव निधीतून तेवढी रक्कम उचलली, सभेत तसा ठराव लिहिला आणि ती त्या घरांच्या नावे येणे दाखवली. पुढे घर विकताना सोसायटीचा ना-हरकत दाखला मागायला आल्यावर चार घरांनी रक्कम दिली.

चूक इथे झाली. स्थळपाहणीला आलेल्या इंजिनिअरने चेंबर उघडून आत टॉर्च मारला, जुना मातीचा पाइप पाहिला आणि मला म्हणाला, ‘काका, पहेलां लाइन, पछी पेवर.’ त्याचे बोलणे मी सभेत मांडले. पण लाइन बदलायची तर अंदाजपत्रक वाढणार, घरटी सहा हजारांचे नऊ-दहा हजार होणार, आणि पुन्हा वर्गणीला फिरावे लागणार, म्हणून सभेने ‘सध्या रस्ता करू’ असे ठरवले आणि मी ते मुकाट्याने लिहिले. रस्ता सुंदर झाला. तिसऱ्या महिन्यात १७ आणि २१ नंबरच्या मधला पाइप दबला. पेवर उचलून, खणून, नवा पाइप टाकून पुन्हा ब्लॉक बसवले, आणि त्या पट्ट्यातली भर नीट न दाबल्यामुळे तिथे आजही चाक आपटते. तो खर्च कोणी दिला नाही, कारण योजनेतून काम झाल्यावर आतल्या रस्त्याची आणि लाइनची निगा सोसायटीनेच राखायची असते.

दुसरी गोष्ट मात्र आम्हाला वेळेवर सुचली. जुने डांबर न उखडता त्यावरच वाळू आणि ब्लॉक बसवले असते तर रस्ता साधारण चार इंच उंचावला असता. आमच्या उताराकडची सहा घरे अशी आहेत की त्यांचा ओटा रस्त्यापेक्षा एकच पायरी वर आहे. पहिल्या जोरदार पावसात पाणी त्यांच्या दिवाणखान्यात गेले असते. म्हणून अंदाजपत्रकातच ‘जुना थर काढणे’ ही बाब आहे की नाही हे पाहावे, आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या भिंतीवर सध्याच्या रस्त्याच्या पातळीची खडूने नव्हे तर रंगाने रेघ ओढावी. नवा रस्ता त्या रेघेवर किंवा खालीच यायला हवा, आणि चेंबरांची झाकणे नव्या पातळीला आणून बसवली पाहिजेत. ब्लॉकखाली गाडलेले झाकण पुढच्या चोकच्या वेळी कोणालाही सापडत नाही.

काम चालू असताना काय पाहावे

सोसायटीला कामावर देखरेख करण्याचा अधिकार नाही, पण पाहण्याचा आणि लिहून देण्याचा आहे. फक्त दुचाकी आणि मोटारी येणाऱ्या आतल्या रस्त्याला सहसा ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो, पण पाण्याचे टँकर रोज येत असतील तर ८० मिलिमीटरची मागणी अंदाजपत्रक होतानाच करावी, कारण नंतर ती बदलत नाही. आलेल्या ढिगातला एक ब्लॉक पट्टीने मोजून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. ब्लॉक बसवण्याआधी खालची भर रोलरने दाबली जाते की नाही, दोन्ही बाजूंना काँक्रीटची कड बांधली आहे की नाही, हे दोन मुद्दे डोळ्यांत तेल घालून पाहावेत. कड नसेल तर ब्लॉक काठाकडे सरकतात आणि सांधे उघडतात. उणीव दिसली तर मजुराशी किंवा मुकादमाशी वाद घालू नये, त्याच दिवशी छायाचित्रासह वॉर्डच्या इंजिनिअरला लिहून द्यावे.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये, कारण ‘का’ ही नोंदीत सापडणारी माहिती नसते. मंजूर अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेतील आपल्या कामाची पाने आणि ठेकेदाराच्या दोषदायित्वाची मुदत, एवढ्या चार प्रती मागाव्यात. मोजमाप पुस्तिकेत १,२०० चौरस मीटर लिहिलेले असेल आणि आपल्या टेपने १,०४० भरत असेल, तर पुढचे पत्र आपोआप लिहिले जाते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. राज्य सरकारच्या ‘स्वागत’ या तक्रार निवारण कार्यक्रमाचा दरवाजाही उघडा आहे, पण तिथे जाताना इनवर्ड नंबरांची फाइल जवळ हवी. नुसती हकीकत सांगणाऱ्याला पुन्हा वॉर्ड ऑफिसलाच पाठवतात.

दोषदायित्वाची मुदत वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेली असते आणि तेवढ्या काळात उखडलेला भाग ठेकेदाराने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाणी ओसरल्यावर तासाभराने, कमिटीतील दोघांनी रस्त्यावरून चालत जावे, जिथे पाणी अजून उभे आहे तिथे खडूने गोल काढावा, घराचा नंबर दिसेल असे छायाचित्र घ्यावे, आणि मुदत संपण्याआधी त्या गोलांची यादी इनवर्ड करून ठेवावी.